थुंकीच्या रिपोर्टवर 'स्कँटी ६': या लाल काड्या मोजतात तरी कशा?

मीनल_सांगली
नमस्कार मंडळी. बाबांना (वय ६४) महिन्याहून जास्त खोकला आहे, संध्याकाळी कणकण येते आणि वजनही उतरलंय. ग्रामीण रुग्णालयात टीबीचा संशय म्हणून थुंकीचे दोन नमुने घेतले. पहिला तिथेच बसवून दिला आणि दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या घरून नेला. पहिल्याचा रिपोर्ट निगेटिव्ह. दुसऱ्यासमोर लाल शाईत 'स्कँटी ६'. भावाचा विश्वास बसेना, म्हणून त्याने आणखी एक नमुना खासगी लॅबला दिला. तिथून आलं '१+'.

एकाच माणसाचं एकाच आठवड्यात निगेटिव्ह, स्कँटी आणि १+. यातलं खरं काय समजायचं? आणि हे ६ म्हणजे सहा काय? टक्के? डॉक्टरांनी "टीबीच आहे, मशीनवरची तपासणी करून औषध सुरू करू" एवढंच सांगितलं. मला औषधाचं नाही, त्या आकड्याचं विचारायचं आहे. स्लाईडवर नेमकं काय बघतात आणि काय मोजतात?

पेशवाईण
वाचतेय. आमच्याकडे सगळे रिपोर्ट 'नॉर्मल आहे हो' एवढ्यावरच संपतात, त्यामुळे माझ्याकडून योगदान शून्य.

दत्ताभाऊ
ताई, मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालोय. घाबरू नका. स्कँटी म्हणजे अगदी पहिली पायरी. १+ म्हणजे आजार थोडा पुढे गेलेला, २+ मध्यम आणि ३+ म्हणजे फुफ्फुस खराब. शिवाय तीनपैकी दोन स्लाईड पॉझिटिव्ह आल्याशिवाय टीबी म्हणत नाहीत. एकच आली तर एक्स-रे काढतात. तुमची एक निगेटिव्ह आहे, तेव्हा अजून नक्की काही नाही.

जोशीकाका_ठाणे
माझी १८ आली होती हो! सहा म्हणजे काहीच नाही. हातावर सुई टोचून तिसऱ्या दिवशी पट्टीने मोजतात तीच ना? मला तर पुढे काही झालंही नाही.

उगाचच
काका, ती मांटू. मिलिमीटरमध्ये. इथे थुंकीबद्दल चाललंय.

जोशीकाका_ठाणे
असं होय. मग चालू द्या.

स्लाईडवाला
मी टीबीच्याच मायक्रोस्कोपी केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. रोज हेच काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

मीनलताई, ६ म्हणजे सहा जंतू. टक्के नाहीत, गुण नाहीत. शंभर फील्डमध्ये मिळून त्या टेक्निशियनला सहा लाल काड्या दिसल्या, म्हणून त्याने 'स्कँटी' लिहून पुढे आकडा टाकला. ही एकच पायरी अशी आहे की जिथे खरा आकडा लिहावाच लागतो.

आता फील्ड म्हणजे काय ते सांगतो. बेडक्यातला पिवळसर, घट्ट भाग आम्ही खराट्याच्या काडीच्या मोडलेल्या टोकाने उचलतो आणि काचेवर साधारण दोन बाय तीन सेंटीमीटर पसरतो. तो हवेवर वाळला की ज्योतीवरून तीन-चारदा फिरवून काचेला चिकटवतो. मग कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतायचा, खालून वाफ निघेपर्यंत तापवायचं आणि पाच मिनिटं ठेवायचं. वाफ निघाली पाहिजे, उकळी फुटता कामा नये. धुतल्यावर २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड दोन ते चार मिनिटं. या ॲसिडने बाकी सगळ्याचा लाल रंग उतरतो. टीबीच्या जंतूचं कवच मेणासारख्या द्रव्याचं असतं, त्यात शिरलेला रंग ॲसिडने निघत नाही. शेवटी अर्धा मिनिट मिथिलीन ब्लू. म्हणजे पेशी, इतर जंतू, कफाचे धागे सगळं निळं होतं आणि त्या निळ्यात टीबीचे जंतू तेवढे लाल राहतात. बारीक, किंचित वाकलेले, कधी मणी ओवल्यासारखे तुटक, कधी दोघे-तिघे एकमेकांना चिकटलेले.

मग काचेवर तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली बघायचं. डोळा लावला की जो गोल दिसतो तो एक फील्ड. तो प्रत्यक्षात जेमतेम ०.२ मिलिमीटर रुंद असतो. दोन सेंटीमीटर सरळ रेषेत सरकत गेलं की शंभर फील्ड होतात.

शंभर फील्डमध्ये एकही काडी नाही, तर निगेटिव्ह. १ ते ९ दिसल्या तर स्कँटी. १० ते ९९ दिसल्या तर १+. त्यापुढे शंभर मोजत बसायची गरज नसते. दर फील्डला सरासरी १ ते १० पडत असतील तर पन्नास फील्ड बघून २+, आणि दर फील्डला दहापेक्षा जास्त असतील तर वीस फील्डमध्येच ३+ लिहून मोकळं व्हायचं.

दत्ताभाऊ, तुमचं 'तीनपैकी दोन' जुन्या काळी बरोबर होतं. आता नमुने दोनच घेतात आणि दोनपैकी एक पॉझिटिव्ह आला तरी पुरतं. स्कँटीही पॉझिटिव्हच धरतात. म्हणून तर लाल शाई.

दत्ताभाऊ
नियम बदलले असतील, मान्य. पण पायऱ्यांचं मी म्हणतो ते खरंच आहे. ३+ वाले पेशंट मी पाहिलेत, खंगलेले असायचे.

गणिताचा_मास्तर
स्लाईडवाला, फार छान. मी लगेच कागद घेऊन बसलो. ०.२ मिमी व्यासाच्या गोलाचं क्षेत्रफळ साधारण ०.०३१ चौरस मिमी. काचेवर पसरलेला थर, म्हणजे स्मिअर, ६०० चौरस मिमी. म्हणजे एका काचेवर एकोणीस हजारांच्या आसपास फील्ड झाले आणि तुम्ही पाहता शंभर. एका स्लाईडचा जेमतेम अर्धा टक्का! शंभरात ६ तर अख्ख्या काचेवर ११००-१२०० जंतू. काचेवर बेडका किती घेता?

स्लाईडवाला
०.०१ मिली धरा.

गणिताचा_मास्तर
म्हणजे मिलीला लाखभर जंतू. आणि याला तुम्ही 'स्कँटी' म्हणता!

स्लाईडवाला
हो. स्मिअर नेहमी सगळा आयत भरून होत नाही, काही जण त्या काचेवर दहा हजारच फील्ड धरतात, म्हणून लाखाचे निम्मे म्हटले तरी चालेल. पण अंदाज बरोबर आहे. मिलीला पाच ते दहा हजारांपेक्षा कमी जंतू असले तर या पद्धतीने बहुधा दिसतच नाहीत. त्यामुळे निगेटिव्ह स्लाईड म्हणजे 'जंतू नाहीत' असं नव्हे, 'शंभर फील्डमध्ये सापडले नाहीत' एवढंच.

उगाचच
आमचा गणपती वर्गणीचा हिशोबही याच पद्धतीने तपासतात. शंभर पावत्या बघायच्या, सापडलं नाही म्हणजे नाही.

गणिताचा_मास्तर
मग मीनलताईंचं कोडं सुटलं. हा सगळा नशिबाचा खेळ आहे. शिऱ्यात बेदाणे मोजकेच घातले असतील तर एका डावात चार येतात, दुसऱ्यात एकही नाही. समजा नमुन्यात शंभर फील्डमागे सरासरी ९ जंतू आहेत. तरी दर वेळी ९ मिळणार नाहीत. शंभरात सुमारे ४१ वेळा १० किंवा जास्त मिळतील, म्हणजे त्याच काचेला स्कँटीऐवजी १+ लिहिलं जाईल. सरासरी १ असेल तर शंभरात ३७ वेळा काहीच सापडणार नाही. निगेटिव्ह, स्कँटी, १+ हे तीन वेगळे निकाल नाहीतच, एकाच गोष्टीचे तीन फासे आहेत.

मायक्रोबायोलॉजीवाली
मास्तर, हिशोब सुंदर आहे, पण तो या केसला लावून बघा ना. सकाळच्या नमुन्यात सरासरी ६ धरली तर शून्य येण्याची शक्यता किती?

गणिताचा_मास्तर
हजारात दोन-तीन वेळा.

मायक्रोबायोलॉजीवाली
मग पहिला निगेटिव्ह नशिबाने आलेला नाही. तो नमुनाच वेगळा होता. ओपीडीत रांगेत उभ्या माणसाला डबी दिली की तो बहुतेक वेळा लाळ देतो. सकाळच्या नमुन्यात रात्रभर छातीत साचलेला कफ येतो, म्हणूनच दोन वेगवेगळ्या वेळी घेतात.

मीनल, पहिल्या नमुन्याच्या वेळी बाबांनी खोल श्वास घेऊन खोकून काढलं होतं का? की नुसतं थुंकले होते? आणि खासगी लॅबच्या रिपोर्टवर आकडा आहे का?

दुसरी गोष्ट, मास्तरांचा हिशोब जंतू सुटेसुटे आणि सारखे पसरलेत असं धरून चालतो. टीबीचे जंतू तसे नसतात, ते पुंजके करतात. पुवाच्या एका गोळ्यात वीस असतात आणि शेजारचे तीस फील्ड रिकामे. त्यामुळे खरा फरक हिशोबापेक्षा जास्तच पडतो.

मीनल_सांगली
बाबा म्हणतात, "तिथं माणसं होती, मी थुंकलो डबीत." झालं. खासगी रिपोर्ट आत्ता नीट वाचला. खाली बारीक अक्षरात '१२ / १०० फील्ड' असं आहे. म्हणजे ६ चे १२ झाले. एका आठवड्यात दुप्पट वाढले असं नाही ना?

स्लाईडवाला
नाही. टीबीचा जंतू फार संथ, एकाचे दोन व्हायला वीस तासांच्या आसपास लागतात. पण मुद्दा तो नाही. रिपोर्टवरचा आकडा छातीत किती आहेत ते सांगत नाही, त्या काडीच्या टोकावर किती आले तेवढंच सांगतो. तुकडा कुठला उचलला, किती जाड पसरला, ॲसिड किती वेळ ठेवलं, कोण बघत होतं, सगळं त्यात आलं.

आमच्याकडे सुपरवायझर प्रत्येक केंद्रातून काही स्लाईड उचलून, मूळ उत्तर झाकून पुन्हा तपासायला देतात. त्यात मी स्कँटी लिहिलं आणि तपासणाऱ्याने १+ म्हटलं तर ती चूक धरतच नाहीत. शेजारच्या पायरीचा फरक माफ असतो. मी १+ लिहिलं आणि ती ३+ निघाली, तर ती मोजणीची चूक म्हणून नोंदतात, पण तीही किरकोळ. १+ असलेली स्लाईड मी निगेटिव्ह सोडली किंवा निगेटिव्हला १+ दिलं, तर मात्र मोठी चूक. त्यावर माझी हजेरी घेतात. तेव्हा तुमच्या दोन लॅबचं उत्तर आमच्या नियमाने जुळलेलंच आहे.

पेशवाईण
शेजारच्या पायरीचा फरक माफ! दहावीच्या गणिताच्या पेपरला हा नियम असता तर मी आज कुठल्या कुठे असते.

दत्ताभाऊ
पण मग स्कँटी ही धूळ किंवा रंगाची घाणही असू शकते ना? आमच्या वेळी एक डॉक्टर होते, ते एक-दोन काड्यांवर विश्वासच ठेवायचे नाहीत. म्हणायचे, लाल काय, कुंकूही लाल असतं.

मायक्रोबायोलॉजीवाली
दत्ताभाऊ, हा प्रश्न अगदी योग्य आहे. खोटे पॉझिटिव्ह जास्त करून याच पायरीवर येतात. ३+ ची स्लाईड कोणी चुकून बनवू शकत नाही, पण दोन-तीन काड्या चुकून येऊ शकतात.

स्लाईडवाला
याचं सविस्तर सांगतो, कारण शिकाऊ मुलं इथेच फसतात.

कार्बोल फुक्सिन गाळून वापरलं नाही किंवा तापवताना काचेवर वाळू दिलं, की त्याचे स्फटिक बसतात. तेही लाल, कधी काडीसारखेच. ओळखायचं कसं? बारीक फोकसचा स्क्रू हलकेच पुढे-मागे करायचा. जंतू कफाच्या त्याच थरात असतो, निळ्या पेशी स्पष्ट दिसतात तेव्हाच तोही स्पष्ट दिसतो. स्फटिक बहुधा वरच्या थरात असतो, पेशी धूसर झाल्या की तो स्पष्ट होतो. त्याच्या कडा चमकतात आणि रंगही जास्त काळपट असतो. जुनी काच धुऊन पुन्हा वापरली तर ओरखड्यात लाल रंग अडकतो, पण तो ओरखडा लांबच लांब जातो. म्हणून टीबीच्या कामाला काच नवीच घ्यायची.

दुसरी भानगड तेलाची. तेलाच्या बाटलीतली काडी स्लाईडला टेकली की ३+ वाल्याचे जंतू तिच्यावर चढतात आणि पुढच्या माणसाच्या काचेवर उतरतात. तो बिचारा निगेटिव्ह असतो आणि त्याला स्कँटी २ मिळतं. म्हणून थेंब वरून पडू द्यायचा आणि प्रत्येक स्लाईडनंतर लेन्स कागदाने टिपायची. रजिस्टर बघताना मला एका ३+ नंतर ओळीने दोन-तीन स्कँटी दिसले, तर आधी तेलाचा संशय येतो.

उलटी चूकही होते. ज्योतीवर जास्त भाजलं, स्मिअर जाड झाला, ॲसिड फार वेळ राहिलं, तर असलेले जंतूही फिके पडतात. जाड स्मिअर ओळखायची सोपी रीत आहे. रंगवण्याआधी, वाळलेल्या स्मिअरखाली छापील कागद धरायचा. अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. वाचताच आली नाहीत तर जाड, लख्ख दिसली तर फार पातळ.

गणिताचा_मास्तर
एका स्लाईडला वेळ किती?

स्लाईडवाला
शंभर फील्ड प्रामाणिकपणे बघायला पाच मिनिटं तरी हवीत. निगेटिव्ह स्लाईडलाच सर्वांत जास्त वेळ लागतो, ३+ अर्ध्या मिनिटात कळते. दिवसाला वीस-पंचवीस स्लाईडपलीकडे डोळा ऐकत नाही. कुठे एकटा माणूस साठ स्लाईड बघत असेल, तर तिथले स्कँटी कुठे जात असतील ते तुम्हीच समजा.

मायक्रोबायोलॉजीवाली
आणि दत्ताभाऊंच्या पायऱ्यांबद्दल. ३+ म्हणजे फुफ्फुस जास्त खराब हे अर्धं खरं आहे. फुफ्फुसात पोकळी झाली आणि ती श्वासनलिकेला जोडली गेली की कफात जंतू लोटतात, म्हणून ३+ वाल्यांमध्ये पोकळीवाले जास्त सापडतात. असे रुग्ण घरच्यांना जास्त संसर्ग देतात हेही खरं. पण उलट वाचता येत नाही. लहान मुलं, एचआयव्ही असलेले, फुफ्फुसाबाहेरच्या टीबीचे रुग्ण यांच्या कफात जंतू फारच थोडे किंवा नसतातच, आणि आजार मात्र गंभीर असू शकतो. निगेटिव्ह स्लाईड आणि जीवावर बेतलेला टीबी एकत्र असू शकतात. म्हणून याला स्टेज म्हणू नये.

दत्ताभाऊ
असेल. तरी ३+ घरात असला की मी आजही खिडक्या उघडायला सांगतो.

मायक्रोबायोलॉजीवाली
ते स्कँटीलाही सांगा.

अनिकेत_रोहा
या धाग्यावर विचारू का? माझ्या भावाचं सुरुवातीला ३+ होतं. दोन महिने गोळ्या एकही न चुकवता घेतल्या, वजन सहा किलो वाढलं, खोकला गेला. आता दोन महिन्यांनंतरच्या तपासणीत 'स्कँटी ३'. शेजारच्यांनी लगेच 'औषध लागू पडलं नाही' म्हणून घाबरवलं. हे फेल्युअर आहे का?

दत्ताभाऊ
पहिला टप्पा एक महिना वाढवतात. आम्ही तेच करायचो.

मायक्रोबायोलॉजीवाली
आता वाढवत नाहीत, दत्ताभाऊ. रोजच्या गोळ्यांची पद्धत आल्यापासून पुढचा टप्पा वेळेवर सुरू करतात. पण अशा रुग्णाचा नमुना औषधाला जंतू दाद देतो की नाही हे बघायला पाठवतात. अनिकेत, तो गेला आहे ना, एवढं आधी विचारा.

आणि स्कँटी ३ चा अर्थ नीट घ्या. लाल रंग कवचात शिरतो, जंतू जिवंत असो वा मेलेला. मेलेला जंतूही काचेवर तितकाच लाल दिसतो. ज्याच्या कफात सुरुवातीला दर फील्डला दहाहून जास्त होते, त्याचे मेलेले जंतू झाडून बाहेर पडायला वेळ लागतो.

स्लाईडवाला
हे मान्य, पण 'मेलेलेच असतील' म्हणून सोडून देणाऱ्यांशी माझं भांडण आहे. स्लाईडवर मेलेला आणि जिवंत वेगळा करता येत नाही, मग मेलेला आहे हे कशावरून ठरवलं? तुटक, फिके दिसतात म्हणून काही जण तसं म्हणतात. मला ते पटत नाही. तसे जंतू मी नव्या पेशंटच्या स्लाईडवरही पाहतो.

मायक्रोबायोलॉजीवाली
सोडून द्या असं मी म्हटलंच नाही. वजन वाढतंय, खोकला गेलाय आणि ३+ चं स्कँटी झालंय, तेव्हा कल मेलेल्यांकडे आहे. नक्की उत्तर कल्चरचं. त्यात जिवंत जंतूच वाढतो. पण द्रव माध्यमातही 'वाढ नाही' म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं.

अनिकेत_रोहा
मशीनवरची तपासणी पुन्हा केली तर? दोन तासांत कळतं म्हणे.

मायक्रोबायोलॉजीवाली
ती जंतूचा डीएनए शोधते, आणि मेलेल्या जंतूचा डीएनएही तिला सापडतो. त्यामुळे 'औषध लागू पडतंय का' हे बघायला ती उपयोगाची नाही. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला जंतूचा विरोध आहे का, हे मात्र ती सांगू शकते. पाठपुराव्याला अजून साधी स्लाईड टिकून आहे ती याचसाठी.

उगाचच
म्हणजे महागडं मशीन निदानाला आणि खराट्याची काडी पाठपुराव्याला. आवडलं.

कारवारकर_पणजी
अवांतर: ते ट्रूनॅट मशीन आमच्या गोव्यात बनतं बरं का, वेर्णा औद्योगिक वसाहतीत. बॅटरीवर चालतं, वीज गेली तरी बंद पडत नाही. चालू द्या.

गणिताचा_मास्तर
माझी एक शंका राहिलीच. १+ मध्ये ९९ जंतू शंभर फील्डमध्ये, म्हणजे फील्डला जवळजवळ एक. २+ फील्डला एकपासून सुरू. मग ९९ आणि १०१ मध्ये पायरी बदलते, आणि १० व ९९ मात्र एकाच पायरीत! दसपट फरक एका खणात कोंबलाय.

स्लाईडवाला
मुद्दामच. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा दसपट आहे. तुम्हीच दाखवलंत की ९ आणि १२ मधला फरक फारसा खरा नसतो, मग बारीक पायऱ्या करून काय उपयोग? दसपट फरक मात्र हाताच्या चुकांतूनही टिकतो. उदाहरणार्थ, काल मी पन्नास फील्डमध्ये १३० मोजले, म्हणजे फील्डला २.६, म्हणून २+. दुसऱ्याने ९० मोजले असते तरी २+ च. या पेशंटचं पुढे स्कँटी झालं तर काहीतरी घडलंय हे नक्की. १+ चं स्कँटी झालं तर मी फार आनंदी होत नाही.

पेशवाईण
आणि स्कँटीलाच आकडा का लिहायचा? बाकीच्यांना नको आणि त्यांनाच का?

स्लाईडवाला
कारण १ आणि ९ यांत विश्वासाचा फरक आहे. स्कँटी १ आला की मी स्वतःहून आणखी शंभर फील्ड बघतो. स्कँटी ८ ला तशी गरज वाटत नाही. पुढच्या डॉक्टरला ते कळायला हवं.

मायक्रोबायोलॉजीवाली
आणखी एक सांगून ठेवते. लाल काडी म्हणजे ॲसिडला न जुमानणारा जंतू, एवढंच स्लाईड सांगते. टीबीचेच चुलतभाऊ असलेले काही जंतू पाण्यात, मातीत असतात, तेही लालच दिसतात. रंग तयार करायला नळाचं पाणी वापरलं तर ते काचेवर येऊ शकतात. भारतात संशयित रुग्णाच्या कफात दिसलेली लाल काडी बहुतेक वेळा टीबीचीच निघते, पण मशीनवर खात्री करतात त्याचं हेही एक कारण आहे.

मीनल_सांगली
सर्वांचे आभार. आज मशीनचा रिपोर्ट आला. टीबीचे जंतू सापडले, प्रमाण 'लो', रिफाम्पिसिनला विरोध नाही. गोळ्या सुरू झाल्या. भावाला हा अख्खा धागा वाचायला दिला. तो आता बाबांना 'खोल श्वास घ्या, छातीतून काढा' असं शिकवतोय आणि बाबा त्याच्यावर वैतागलेत.

शेवटचा प्रश्न: दोन महिन्यांनी स्लाईड पुन्हा करायची आहे. ती सरकारी केंद्रात करू की खासगीत? '१+' त्यांनी दिलं होतं, म्हणजे त्यांना जास्त दिसतात असं भावाचं म्हणणं आहे.

स्लाईडवाला
जिथे औषध चालू आहे तिथेच करा. हात तोच, रंग तोच, म्हणजे आधीच्या ६ शी तुलना करता येईल. आणि नमुना सकाळचा न्या.

मायक्रोबायोलॉजीवाली
सकाळच्या नमुन्याला दुजोरा. पण लॅब तीच हवी याचा इतका आग्रह नको. मोजायची रीत सगळीकडे एकच आहे, आणि बाबांच्या बाबतीत ६ की ४ हा प्रश्नच नाही. निगेटिव्ह येतं की नाही, एवढंच बघायचं.

स्लाईडवाला
रीत एकच आहे हो, वेळ एकसारखा देतात का हा प्रश्न आहे. घाईत पाहिलेल्या तीस फील्डचं निगेटिव्हही कागदावर निगेटिव्हच असतं.

अनिकेत_रोहा
भावाचा नमुना पुढच्या तपासणीला गेलेलाच नव्हता! आज विचारल्यावर पाठवला. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.